विजांच्या पावसानंतर राऊटर: ॲडॅप्टर आणि लॅन पोर्टची तपासणी

विजांच्या कडकडाटासह पाऊस येऊन गेला आणि ब्रॉडबँड बंद पडले, की घरात दोनच निष्कर्ष निघतात: राऊटर जळला, नाही तर केबलवाल्याची लाइन गेली. प्रत्यक्षात नुकसान बहुधा या दोन्हींच्या मधल्या कुठल्या तरी छोट्या भागाचे झालेले असते. कधी फक्त ॲडॅप्टर गेलेला असतो, कधी राऊटरचे चार पोर्ट शाबूत राहून एकच मेलेला असतो, तर कधी राऊटर ठणठणीत असून संगणकाच्या लॅन पोर्टचा बळी गेलेला असतो. नेमके काय गेले हे कळण्यासाठी सर्ज, म्हणजे विजेच्या दाबाची क्षणिक उसळी, कोणत्या वाटेने आली आणि कोणत्या वाटेने बाहेर पडली हे आधी समजून घ्यावे लागते.

नुकसान व्हायला वीज घरावरच पडावी लागत नाही. ढगातून जमिनीवर येणाऱ्या झोताचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिगेला पोहोचतो. इतक्या वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र आसपासच्या प्रत्येक लांब तारेत दाब निर्माण करते. वीज काही शे मीटर अंतरावर पडली तरी गच्चीवरून गेलेल्या ४०-५० मीटर केबलमध्ये शेकडो, प्रसंगी हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. राऊटरमधल्या चिपा मात्र ३.३ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबावर चालतात.

राऊटरपर्यंत पोहोचण्याच्या वाटा मोजक्या आहेत. एक म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीजवाहिनी, जी ॲडॅप्टरमध्ये शिरते. दुसरी म्हणजे बाहेरून येणारी तांब्याची तार: केबल ऑपरेटरच्या पेटीतून आलेली लॅन केबल किंवा जुनी टेलिफोन लाइन. फायबर घरापर्यंत आलेले असेल, तर काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. मात्र खांबावरून आलेल्या काही फायबर केबलींना आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते आणि ती तार घरात पेटीपर्यंत ओढून आणलेली असेल, तर ती वाहकाचेच काम करते. तांब्याच्या लॅन केबलपेक्षा फायबर सुरक्षित असते हे खरेच. पण फायबरच्या पेटीलाही ॲडॅप्टर असतो, त्यामुळे ‘फायबर आहे, म्हणजे विजेची भीती नाही’ हे म्हणणे अर्धेच खरे ठरते.

प्रवाह एका वाटेने आत आला, की त्याला बाहेर जायला दुसरी वाट लागते. राऊटरच्या ॲडॅप्टरला बहुधा दोनच पिना असतात, अर्थिंगची तिसरी पिन नसते. टेबलावरच्या संगणकाची पिन मात्र तीन काट्यांची असते आणि ती अर्थिंगला जोडलेली असते. त्यामुळे गच्चीवरच्या केबलमधून राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये शिरलेली सर्ज अनेकदा लॅन पोर्टमधून बाहेर पडते, संगणकात जाते आणि त्याच्या अर्थिंगमधून जमिनीत उतरते. या वाटेवरचे सगळे दरवाजे भाजून निघतात, वाटेबाहेरचे सहसा वाचतात. एकाच रात्री राऊटरचा वॅन पोर्ट आणि संगणकाचा लॅन पोर्ट दोन्ही जातात, पण वायफाय चालूच राहते, या चमत्कारिक वाटणाऱ्या घटनेमागचे कारण हेच.

तपासणी सुरू करण्याआधी

गडगडाट पूर्ण थांबल्याशिवाय कोणत्याही केबलला हात लावू नये. शेवटचा आवाज ऐकू आल्यानंतर अर्धा तास थांबण्याचा प्रघात चांगला आहे. त्यानंतर पहिला प्रश्न शेजाऱ्याला विचारायचा: त्याच ऑपरेटरचे त्याचे इंटरनेट चालू आहे का? भागातली वीज गेली असेल, तर ऑपरेटरच्या पेटीची बॅटरी संपून सगळ्या गल्लीचे इंटरनेट बंद पडते आणि घरातले एकही यंत्र बिघडलेले नसते. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत येतच नाही. म्हणजे दोष फायबरमध्ये किंवा ऑपरेटरकडे आहे. ॲडॅप्टर आणि पोर्ट तपासण्यात त्या वेळी वेळ घालवू नये.

घरातल्या इतर वस्तूंकडेही एकदा पाहावे. एलईडी दिवे, सेट टॉप बॉक्स, मोबाइलचा चार्जर असे बरेच काही एकदम गेले असेल, तर संशय वीजवाहिनीवर जातो. ते नेहमी आकाशातल्या विजेचेच काम असते असेही नाही. वादळात फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तार तुटली, तर एका फेजच्या घरांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. अशा वेळी ॲडॅप्टर जातात, पण लॅन पोर्ट सहसा वाचतात. उलट घरातले बाकी सर्व सुरळीत असून फक्त केबल जोडलेले पोर्ट मेले असतील, तर सर्ज केबलमधून आली आहे.

ॲडॅप्टर

राऊटरवर एकही दिवा लागत नसेल, तर सुरुवात ॲडॅप्टरपासून. आधी तोच ॲडॅप्टर दुसऱ्या, खात्रीच्या प्लगमध्ये लावून पाहावा. एमसीबी पडलेला असणे किंवा स्पाइक गार्डचा फ्यूज उडालेला असणे ही अगदी साधी कारणे आधी दूर होतात. मग ॲडॅप्टरवर छापलेली माहिती वाचावी. ‘आउटपुट’ या शब्दापुढे १२ व्होल्ट, १ अँपिअर किंवा ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर असे काही लिहिलेले असते. त्याच्या शेजारी एक छोटी आकृती असते: मधल्या ठिपक्याला अधिक आणि बाहेरच्या कड्याला उणे. बहुतेक राऊटरांना अशीच जोडणी लागते.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल तार पिनेच्या आतल्या छिद्रात आणि काळी तार बाहेरच्या धातूवर टेकवावी. १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरने साधारण ११.४ ते १२.६ या दरम्यानचा आकडा दाखवला पाहिजे. शून्य आला, तर ॲडॅप्टर गेला. सर्जचा मार बहुधा त्याच्या तोंडाशी असलेल्या भागांवर पडतो: व्हॅरिस्टर जळतो, फ्यूज उडतो किंवा एसीचे डीसी करणारे डायोड आणि त्यांच्यापुढचा स्विचिंगचा भाग निकामी होतो. कधी जळका वास येतो, कधी खोक्यावर काळा डाग दिसतो, कधी बाहेरून काहीच कळत नाही.

येथेच सर्वांत मोठी फसगत होते. आकडा बरोबर आला, म्हणजे ॲडॅप्टर चांगला, असा निष्कर्ष काढता येत नाही. मीटर ॲडॅप्टरकडून नगण्य प्रवाह घेतो. राऊटर अर्धा-पाऊण अँपिअर घेतो. सर्जने आतला कपॅसिटर किंवा एखादा डायोड अर्धवट दुबळा केला असेल, तर रिकाम्या ॲडॅप्टरवर १२.२ व्होल्ट दिसतात आणि राऊटर जोडताच दाब ७-८ व्होल्टपर्यंत कोसळतो. लक्षण ठरलेले असते: दिवे लागतात, काही सेकंद जातात, वायफायचे नाव दिसते न दिसते तोच सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बरेच जण याला राऊटरचा दोष समजून नवा राऊटर आणतात.

खरी परीक्षा भाराखालची. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर घेतो. त्याला दोन तारा जोडून १ अँपिअर किंवा त्याहून मोठ्या, १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर लावावा आणि बल्ब पेटलेला असताना दाब मोजावा. थंड बल्ब पहिल्या क्षणी जास्त प्रवाह ओढतो, म्हणून सुरुवातीची एखादी उघडझाप मनावर घेऊ नये. दहा सेकंदांनंतरचा आकडा खरा. तो ११.४ च्या खाली जात असेल किंवा बल्ब सारखा लुकलुकत असेल, तर ॲडॅप्टर बदलावा. मल्टिमीटर नसेल, तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस वापरता येतो. तो आधीच चार्ज झालेला असावा आणि त्याचे आउटपुट राऊटरच्याच व्होल्टेजचे असावे. त्याच्या बॅटरीवर राऊटर नीट चालला, तर दोषी ॲडॅप्टरच.

उलटा प्रकारही घडतो. ॲडॅप्टर भाराखाली चांगला आहे, पण राऊटरला जोडताच त्याचा दिवा टिकटिक करत उघडझाप करू लागतो. राऊटरच्या आत शॉर्ट झाल्याची ही खूण आहे. ॲडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होतो. अशा राऊटरला दुसरा, जास्त ताकदीचा ॲडॅप्टर लावून ‘जोर देण्याचा’ मोह टाळावा. नवा ॲडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि ध्रुव तेच असले पाहिजेत. पिनेची जाडीही पाहावी: बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असलेल्या पिनांचे आतले छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटर असू शकते, आणि २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये सैल बसून सतत तुटक वीज देते.

ॲडॅप्टर उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात घरी पडू नये. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. बदलायला स्वस्त असलेल्या वस्तूसाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

लॅन पोर्ट

ॲडॅप्टर ठीक आहे, राऊटर चालू आहे, वायफायचे नाव फोनवर दिसते, पण इंटरनेट नाही: ही स्थिती असेल तर पोर्टकडे वळावे. लॅन पोर्टच्या आत, तार आणि चिप यांच्यामध्ये, अगदी छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. संकेत त्यांच्यातून चुंबकीय मार्गाने जातो, तारेचा थेट संबंध चिपशी येत नाही. मानकानुसार या अलगपणाने १५०० व्होल्टचा दाब मिनिटभर सोसायला हवा. म्हणूनच लहानसहान सर्ज रोज पचतात. मोठी आली, की एकतर ट्रान्सफॉर्मरचे केसासारखे वेटोळे तुटते किंवा दाब पलीकडे उडी मारून चिपमधला त्या पोर्टचा भाग जाळतो.

पोर्ट नेहमी पूर्ण मरतो असे नाही. पूर्ण मेलेल्या पोर्टचा दिवा केबल लावूनही लागत नाही. काही पोर्टांचा दिवा केबल नसतानाही लागलेला राहतो, तोही मेलेलाच. त्रासदायक असतो तो अर्धमेला पोर्ट. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला फक्त दोन. उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी सांभाळणारा भाग जळला, तर पोर्ट गुपचूप १०० वर येतो आणि ३०० मेगाबिटचा प्लॅन असलेल्या घरात वेग ९०-९५ च्या पुढे जात नाही. तक्रार ऑपरेटरकडे जाते, तो त्याच्या बाजूने सर्व ठीक असल्याचे सांगतो आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. विंडोज संगणकावर पॉवरशेलमध्ये खालील आज्ञा दिल्या, तर पहिली जोडणी आहे की नाही आणि वेग किती हे सांगते, दुसरी वाटेत किती पॅकेट हरवतात ते मोजते.

```
Get-NetAdapter
ping 192.168.1.1 -n 50
```

दुसऱ्या ओळीतला पत्ता राऊटरचा. काही राऊटरांचा तो 192.168.0.1 असतो. संगणक आणि राऊटर यांच्यात फक्त एक छोटी केबल असेल, तर ५० पैकी एकही पॅकेट हरवायला नको. काही लोक 127.0.0.1 ला पिंग करून उत्तर आले म्हणून समाधान मानतात. त्या परीक्षेत संकेत पोर्टपर्यंत जातच नाही, त्यामुळे जळलेल्या कार्डवरही ती पास होते.

केबल आणि पोर्ट यांच्यापैकी दोष कोणाचा हे अदलाबदलीने ठरते, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. संगणक नसला तरी एक जलद परीक्षा करता येते: खात्रीची छोटी केबल घेऊन राऊटरचा वॅन पोर्ट त्याच्याच एखाद्या लॅन पोर्टला जोडावा. दोन्ही पोर्ट जिवंत असतील, तर दोघांचेही दिवे लागतात. दिवा पाहताच केबल काढून घ्यावी, कारण राऊटरचा स्वतःशीच फेरा बसल्याने आतले जाळे गोंधळते. लॅनमधून लॅनमध्येही ही परीक्षा होते.

मल्टिमीटरने आणखी खोलात जाता येते. जुन्या लॅन केबलचा एक तुकडा कापून त्याच्या एका टोकाला प्लग तसाच ठेवावा आणि दुसऱ्या टोकाच्या तारा सोलाव्यात. राऊटर आणि संगणक दोन्ही बंद करून, बाकी सर्व केबल काढून, प्लग संशयित पोर्टमध्ये घालावा. नेहमीच्या रंगक्रमात पांढरी-नारिंगी आणि नारिंगी ही एक जोडी, पांढरी-हिरवी आणि हिरवी ही दुसरी. प्रत्येक जोडीत ओहम मोजले, तर चांगल्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यामुळे एक-दोन ओहमपर्यंतचा अगदी कमी आकडा येतो. तो अनंत आला, तर वेटोळे तुटले आहे. काही स्वस्त राऊटरांत मात्र ट्रान्सफॉर्मरऐवजी कपॅसिटर वापरलेले असतात आणि तिथे नव्या पोर्टवरही आकडा अनंतच येतो. म्हणून एका पोर्टच्या आकड्यावर विसंबू नये, त्याच राऊटरच्या शेजारच्या पोर्टशी ताडून पाहावा. शिवाय आकडा चांगला आला तरी मागची चिप जळलेली असू शकते. ही परीक्षा पोर्ट मेल्याचे सिद्ध करते, जिवंत असल्याचे नाही.

एका घरातले निदान

वर सांगितलेले सगळे एकत्र कसे येते ते एका नमुन्यावर पाहू. तालुक्याच्या गावातले दुमजली घर. ऑपरेटरची पेटी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर, तिथून ४० मीटर लॅन केबल उघड्यावरून येऊन राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये गेलेली. पहिल्या लॅन पोर्टमधून एक केबल टेबलावरच्या संगणकाला. वळवाच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पॉवरचा दिवा लागलेला, वायफाय दिसते, वॅनचा दिवा बंद, संगणक ‘केबल जोडलेली नाही’ म्हणतो. शेजाऱ्याचे इंटरनेट चालू आहे. घरातले दिवे, टीव्ही सगळे ठीक.

राऊटर तासभर न अडखळता चालू राहतो, म्हणजे ॲडॅप्टर भार सोसतो आहे. आता ऑपरेटरची केबल वॅनमधून काढून लॅनच्या दुसऱ्या पोर्टमध्ये घातली, तर त्या पोर्टचा दिवा लागला. एवढ्या एका कृतीने दोन गोष्टी निकालात निघाल्या: केबल चांगली आहे आणि पलीकडचा ऑपरेटरचा पोर्टही जिवंत आहे. दोष वॅन पोर्टचा. संगणकाची केबल पहिल्यातून काढून तिसऱ्या लॅन पोर्टमध्ये घातली, तरी दिवा लागला नाही. तीच केबल लॅपटॉपला लावली, तिसऱ्या पोर्टवर लगेच जोडणी झाली. पहिल्या पोर्टवर लॅपटॉपलाही जोडणी मिळाली नाही. म्हणजे राऊटरचा पहिला लॅन पोर्ट आणि संगणकाचा पोर्ट दोन्ही गेले, केबल वाचली. गच्ची, वॅन पोर्ट, पहिला लॅन पोर्ट, संगणक, अर्थिंग: सर्जची वाट सलग दिसते. रिकामे असलेले पोर्ट वाटेवर नव्हते, म्हणून बचावले.

आता खर्चाचा हिशेब. संगणकाचा मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही. यूएसबीला लावायचा लॅन ॲडॅप्टर काही शे रुपयांत काम भागवतो. राऊटरचा वॅन पोर्ट घरी दुरुस्त होत नाही. काही मॉडेलांच्या सेटिंगमध्ये एखाद्या लॅन पोर्टला वॅनचे काम देता येते, ते आधी तपासावे. नसेल तर नवा राऊटर घ्यावा. जुन्यातली डीएचसीपी सेवा बंद करून, त्याचा पत्ता बदलून, त्याचा दुसरा लॅन पोर्ट नव्याच्या लॅन पोर्टला जोडला, की वरच्या मजल्यासाठी वायफायची सोय होते. मात्र एकदा मार खाल्लेल्या राऊटरवर पूर्ण भरवसा ठेवू नये. वाचलेले भागही आतून दुबळे झालेले असू शकतात आणि काही आठवड्यांनी अचानक साथ सोडतात. मिनिटभरात हाताला चटका बसेल इतका तापणारा राऊटर तर लगेच बाजूला काढावा.

वॉरंटीत बहुतेक उत्पादक विजेमुळे झालेले नुकसान धरत नाहीत. फायबरची पेटी कंपनीने दिलेली असेल, तर ती उघडू नये; कोणता पोर्ट मेला हे नेमके सांगून बदलून मागावी. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘पहिला लॅन पोर्ट मेला आहे, दुसरा चालू आहे’ ही तक्रार लवकर मार्गी लागते.

पुढच्या वेळेसाठी उपाय एकच खात्रीचा आहे. गडगडाट जवळ येण्याआधी ॲडॅप्टरचा प्लग आणि बाहेरून आलेली केबल दोन्ही काढून ठेवावेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास विजा पडत असल्याचा इशारा फोनवर देते, त्याचा येथे उपयोग होतो. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बटणातले अंतर काही मिलिमीटरचे असते आणि केबलची वाट तर त्याने बंद होतच नाही. स्पाइक गार्ड आणि लॅन केबलसाठी मिळणारे सर्ज प्रोटेक्टर प्रवाह अर्थिंगकडे वळवतात, त्यामुळे ज्या घरात तिसऱ्या पिनेमागे चांगले अर्थिंग नाही तिथे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आणि राऊटरच्या यूपीएसने वीज गेल्यावर इंटरनेट चालू राहते, एवढेच. केबलमधून येणाऱ्या सर्जला तो अडवत नाही.